व्यायल्यानंतर बसलेली गाय: गोठ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात सिन्नर, निफाड, येवला, चांदवड या पट्ट्यात मी गेली अनेक वर्षे पशुवैद्यक म्हणून फिरतो. संकरित होल्स्टिन गाय तिसऱ्या-चौथ्या वेताला व्याली, कॅल्शियमची बाटली चढली, डोळे टवटवीत झाले, पण गाय काही उठली नाही, असा फोन हिवाळ्यात तर आठवड्याला येतो. पुढचे प्रश्न त्या फोनवरचेच आहेत. बाटलीनंतर काय करायचे, एवढ्यापुरतेच हे लिहिले आहे, कारण गाई हातच्या जातात त्या बहुतेक त्याच टप्प्यावर.

कॅल्शियम दिले, गाय शुद्धीवर आली, चारा खाते, तरी उठत का नाही?

कारण आता आजार बदललेला असतो. पहिला आजार दुग्धज्वराचा. रक्तातले कॅल्शियम एकदम उतरते, कान थंड पडतात, नाक कोरडे होते, मान कुशीकडे वळते. शिरेतून कॅल्शियम गेले की अंगाला थरथर सुटते, ढेकर येतो, गाय शेण टाकते, नाकावर घाम येतो आणि बऱ्याच गाई काही तासांत उभ्या राहतात.

मात्र तोवर ती कोब्यावर एकाच मांडीवर सहा-आठ तास बसली असेल, तर खालच्या पायाचे नुकसान सुरू झालेले असते. साडेचारशे-पाचशे किलोची गाय आहे. खालच्या मांडीवर तिचेच वजन पडते, तिथला रक्तपुरवठा दाबला जातो, स्नायू सुजतात. मांडीच्या आवरणात सूज पसरायला जागा नसते, त्यामुळे दाब आणखी वाढतो आणि पायाला जाणारी शीर, म्हणजे मज्जातंतू, चेपला जातो. कॅल्शियम कितीही भरले तरी हा पाय त्याने सुधरत नाही. म्हणून मी गोठ्यात पोचलो की पहिला प्रश्न विचारतो, "गाय किती वाजल्यापासून बसली आहे आणि कोणत्या कुशीवर?" या दोन गोष्टी भिंतीवर खडूने लिहून ठेवा. बाटली कोणती दिली यापेक्षा मला त्यांचा उपयोग जास्त होतो.

मग आणखी एक-दोन बाटल्या चढवून बघू का?

स्वतःहून नको. शिरेतून कॅल्शियम वेगाने किंवा जास्त गेले तर हृदय बंद पडू शकते. बाटली सावकाश, दहा-पंधरा मिनिटे घेत आणि हृदयाचे ठोके ऐकत द्यायची असते. पहिल्या बाटलीनंतर गाय उठली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली, तर ती दुग्धज्वराची उलटलेली केस असू शकते, तिला पुन्हा कॅल्शियम लागते. पण गाय शुद्धीवर आहे, खाते आहे, फक्त मागचा भाग उचलत नाही, अशा वेळी पुन्हा तपासणी हवी. कासेत पाण्यासारखे दूध येते का, गर्भाशयात जार किंवा जखम आहे का, खुब्याचे हाड सरकले आहे का, हे पाहावे लागते. गाय मलूल आहे, खात नाही, डोळे खोल गेले आहेत, तर तिला फक्त 'बसलेली' समजू नका. तीव्र कासदाहाची गायसुद्धा अशीच बसते, आणि तेव्हा अंग तापलेले असेलच असे नाही. जवळ डॉक्टर नसेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करा.

दुखणे कमी करणारे इंजेक्शन सूज उतरवायला खरोखर उपयोगी पडते. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, पण डायक्लोफिनॅक जनावरांना देऊ नका. 2006 पासून त्यावर बंदी आहे, कारण ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात. अंजनेरीच्या कड्यावर अजून गिधाडे आहेत, म्हणून आपल्याकडे हे आवर्जून सांगतो. मेलॉक्सिकॅमने तेच काम होते.

अंथरूण कसले करायचे? आमच्याकडे कोबाच आहे.

कोब्यावर रबरी मॅट टाकून भागत नाही. मॅट ओली झाली की घसरते आणि दाबही फारसा कमी होत नाही. गाय कोब्यावरून हलवायचीच. सर्वांत चांगले अंथरूण वाळूचे, निदान एक फूट जाडीचे. वाळूत गाय थोडी रुतते, वजन पसरते, आणि उठताना खुराला पकड मिळते. लघवीही खाली झिरपते, त्यामुळे कास कोरडी राहते. वाळू मिळत नसेल तर नांगरलेल्या शेताची भुसभुशीत माती चालते. त्यावर गव्हाचा भुसा, सोयाबीनचे भूस किंवा इगतपुरीकडचा भाताचा पेंढा चार-सहा बोटे टाका. निव्वळ पेंढा कोब्यावर टाकला तर गाय पाय झाडून दोन तासांत तो बाजूला सारते आणि पुन्हा कोब्यावर बसते. खाली माती-वाळूचा थर हवाच. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल होतो, तिथे मुरूम पसरून मग वाळू टाकावी.

जागा निदान दहा बाय दहा फूट मोकळी असावी. भिंतीला किंवा गव्हाणीला खेटून नको, उठताना तिला डोके पुढे फेकायला जागा लागते. वर कांद्याच्या चाळीवरची शेडनेट किंवा ताडपत्री बांधा. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा अंगावर बारदान टाका आणि वाऱ्याच्या बाजूने आडोसा करा. दावे सोडा. गळ्यात दोर बांधून ठेवलेली गाय धडपडताना फास लावून घेते.

ओले झालेले अंथरूण रोज दोनदा काढायचे. शेण कासेखाली राहिले तर चार दिवसांत कासदाह होतो, आणि मग पाय सुधरत असताना गाय दुसऱ्याच कारणाने जाते. असे मी पाहिले आहे, म्हणून हे काम घरातल्या एका ठरावीक माणसाकडे द्या.

गोठ्यातून बाहेर कशी न्यायची?

ओढून नाही. पाय, शेपटी किंवा गळ्याचा दोर धरून फरफटत नेली तर कातडी सोलते, सांधे निखळतात. कुंपणाचे लोखंडी फाटक किंवा जाड ताडपत्री तिच्या पाठीमागे पसरा, तिला त्यावर लोळवा, पाय पोटाशी दुमडून घ्या आणि सहा-आठ माणसांनी ते फाटक सरकवत न्या. डोके एकाने हातात धरायचे. फाटकाखाली ओला पेंढा टाकला तर सरकायला सोपे जाते.

कूस किती वेळाने बदलायची आणि नेमकी कशी?

दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. काही कारणाने जमले नाही तर चार तास, त्यापुढे नको. गाय स्वतःच सरपटत बाजू बदलत असेल तर छान, पण ती खरेच बदलते का हे पाहा. नुसती हलते आणि पुन्हा त्याच मांडीवर येते, असे खूपदा होते.

पद्धत सांगतो. गाय छातीवर बसलेली आहे आणि वजन डाव्या मांडीवर आहे असे धरा. म्हणजे तिचे मागचे पाय उजवीकडे बाहेर आलेले असतात. एकाने मोरकी धरून डोके स्थिर ठेवायचे. दुसऱ्याने बाहेर आलेला उजवा पाय दुमडून पोटाखाली सारायचा. मग दोघांनी डावीकडे गुडघे टेकून बसायचे, डाव्या पुठ्ठ्याच्या हाडाला खांदा लावून एका दमात उजवीकडे लोटायचे. वजन उजव्या मांडीवर गेले की खाली अडकलेला डावा पाय सैल होतो, तो बाहेर काढून मोकळा ठेवायचा. तिला पाठीवरून उलटी करू नका. छातीवरच राहू द्या आणि फक्त मागचा भाग फिरवा. पाठीवर गेली तर पोटातला चारा घशात येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतो.

बाजू बदलल्यावर ती परत कलंडू नये म्हणून खांद्यापाशी आणि पुठ्ठ्यापाशी भुशाने भरलेली कांद्याची गोणी ठेवा. माती भरलेली गोणी टणक होते, ती नको. पूर्ण आडवी पडलेली गाय पंधरा-वीस मिनिटांत फुगू लागते, तिला लगेच छातीवर बसवा.

प्रत्येक फेरीला सुटलेला पाय पाच मिनिटे चोळायचा, वरपासून घोट्यापर्यंत, आणि सांधे दोन-चार वेळा दुमडून सरळ करायचे. चोळताना तपासणीही होते. मांडी दगडासारखी कडक लागते का, खुरांच्या बेचक्यात चिमटा घेतला तर पाय ओढते का, हे रोज बघा. लघवी कॉफीसारखी गडद तपकिरी झाली तर स्नायू फुटत आहेत असे समजा आणि मला त्याच दिवशी कळवा.

काय खायला घालू? आजी म्हणते बाजरी-गुळाची कांजी पाजा.

आजीचा हेतू चांगला आहे, पण बसलेल्या गाईला काहीच पाजायचे नाही. नळीने किंवा बाटलीने, मान वर करून तेल, काढा, कांजी पाजली की ती घशाऐवजी फुफ्फुसात उतरते. दुग्धज्वरात तर गिळण्याची ताकदच कमी असते. दोन दिवसांनी धाप आणि नाकातून घाण वास सुरू होतो, तो या पाजण्याचाच असतो. कांजी घमेल्यात थंड करून पुढे ठेवा. तिने स्वतः थोडी चाटली तर हरकत नाही, पण बाजरी, गूळ एकदम भरपूर नको, पोट आंबते.

खरी गरज पाण्याची आहे. नुकती व्यालेली गाय दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज पिते, आणि बसलेली गाय हौदापर्यंत जाऊ शकत नाही. तिच्यापुढे दिवसातून पाच-सहा वेळा बादली धरा. थंडीत कोमट पाणी द्या, ती जास्त पिते. बादली तशीच ठेवायची असेल तर जुन्या टायरमध्ये बसवा, नाहीतर ती लाथेने उलटते आणि सगळे अंथरूण भिजते.

चारा तिच्या सवयीचाच द्या. मका, मुरघास, घास, कडबाकुट्टी, जे कालपर्यंत खात होती तेच. थोडे थोडे, पण दिवसातून पाच वेळा, आणि उरलेले काढून टाकायचे. पेंड-भरडा पहिल्या दोन दिवसांत दीड किलोच्या पुढे नको, तो दोन वेळांत वाटून द्या. कूस बदलली की चारा आणि पाणी तिच्या समोर सरकले का, हे बघायचे राहून जाते. डोके नेहमी किंचित उंचावर असू द्या, उताराच्या बाजूला नको.

दूध काढायचे का?

पहिला दिवस कॅल्शियम सावरेपर्यंत कास पूर्ण रिकामी करू नका, वासराला लागेल एवढाच चीक काढा. वासराला पहिल्या एक-दोन तासांत साधारण दोन लिटर चीक मिळायला हवा. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळा चारही सड पूर्ण पिळा. बसलेल्या गाईचे खालचे सड हाताला लागत नाहीत, म्हणून कूस बदलण्याच्या वेळीच धार काढा, एका कुशीवर दोन सड आणि दुसऱ्या कुशीवर दोन. नंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा.

शेजारी म्हणतात, जेसीबी बोलवा आणि पट्ट्याने उचलून उभी करा. उचलू का?

याचे उत्तर सिन्नर तालुक्यातल्या एका गाईवरून देतो. चौथे वेत, रविवारी रात्री अकराला कोब्यावर व्याली. सोमवारी सकाळी बसलेली दिसली, नऊ वाजता एकाने कॅल्शियम दिले. गाय टवटवीत झाली, दोनदा उठायला गेली आणि दोन्ही वेळा घसरली. मग ती डाव्या मांडीवर तशीच राहिली. संध्याकाळी पोटाखालून पट्टा घालून जेसीबीने उचलली. पाय लोंबकळत होते, पट्टा छातीवर सरकला, जीभ बाहेर आली, तेव्हा घाबरून खाली टाकली. मंगळवारी सकाळी सातला मी पोचलो, व्यायल्याला बत्तीस तास झाले होते.

ताप नव्हता, कास स्वच्छ होती, हाड किंवा खुबा सरकलेला नव्हता. डाव्या मांडीला कडक सूज होती. चिमट्याला पाय ओढायची, पण उशिरा. मी गाईच्या मालक काकांना म्हणालो, "आता पाच दिवस तिला कोणी उचलायचे नाही. फक्त फिरवायचे." फाटकावरून तिला बांधावरच्या शेवग्याखाली नेले, ट्रॉलीभर वाळू टाकली. मुलाने मोबाइलवर दर तीन तासांचा गजर लावला आणि वहीत डावी-उजवी लिहीत गेला. वहिनींनी पाण्याचे आणि चाऱ्याचे बघितले. बुधवारी गाय वाळूवर स्वतः हातभर सरपटली. गुरुवारी मागचा भाग वीतभर उचलून पडली. शुक्रवारी तीन-चार वेळा तिने पुठ्ठे उचलले, तेव्हा ठरल्यापेक्षा आधीच मी चेनपुली मागवली. शनिवारी पहाटे ती कोणाच्याही मदतीशिवाय उभी होती. डावा घोटा तीन आठवडे मुडपत होता, नंतर बरा झाला.

यातून उचलण्याचा नियम दिसतो. गाय स्वतः प्रयत्न करते तेव्हाच उचल उपयोगी पडते. जी प्रयत्नच करत नाही तिला उचलले तर ती लटकते, आणि लटकण्याने पुठ्ठ्याचे स्नायू फाटतात, श्वास कोंडतो.

मग कोणत्या गाईला उचलायचेच नाही?

गाय मलूल आहे, डोके धरत नाही, कॅल्शियमचा गुण अजून आलेला नाही, तर उचलू नका. मागचा पाय हलवला की मांडीत किंवा खुब्यात करकर लागते, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आणि वळलेला दिसतो, तर हाड मोडलेले किंवा खुबा निखळलेला असू शकतो. तिथे उचलणे म्हणजे केवळ यातना. मागचे दोन्ही पाय बेडकासारखे दोन्हीकडे फाकले असतील तर आधी ते एकत्र आणावे लागतात. गायीला धाप लागली असेल किंवा पोट फुगले असेल तरी थांबा. आणि कोणत्याही गाईला शेपटी धरून, शेपटी मुरगळून किंवा विजेचा झटका देऊन उठवू नका. ज्या पायात ताकद नाही तो झटक्याने उभा राहत नाही, फक्त पुन्हा पडतो, आणि आधी शाबूत असलेला खुबा त्या पडण्यात जातो.

चेनपुली आणि पुठ्ठ्याचा शिकंजा कसा वापरायचा?

डॉक्टर समोर असताना. शिकंजा पुठ्ठ्याच्या दोन उंचवट्यांच्या हाडांवर बसतो, त्याखाली बारदानाची जाड घडी हवी. पुढे छातीखालून रुंद पट्टा घेऊन वजन वाटून घ्या. फक्त पुठ्ठ्यावर उचलली तर सगळा भार त्या दोन हाडांवर येतो. सावकाश उचला आणि खुर जमिनीला टेकल्यावर थांबा. आता बघायचे. तिने पाय रोवले आणि पुली थोडी सैल करूनही उभी राहिली, तर पाच-दहा मिनिटे उभी ठेवा, त्या वेळात धार काढा, पाय चोळा, मग हळू खाली घ्या. दिवसातून दोनदा पुरे. अर्ध्या मिनिटात तिने पाय रोवले नाहीत, तर लगेच खाली घ्या आणि त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नका. शिकंज्याला लटकवून गाय एका जागेवरून दुसरीकडे न्यायची नाही. आणि ती लटकलेली असताना कोणी चहाला जायचे नाही.

मागचे पाय फाकतात, त्याला काय करू?

व्यायला जड गेली आणि वासरू मोठे होते, तर आतल्या बाजूच्या मज्जातंतूला मार लागतो आणि पाय बाहेर घसरतात. घोट्याच्या वर दोन्ही मागच्या पायांना मऊ पट्टा बांधा, मध्ये दोन-अडीच फूट अंतर ठेवून. सुतळी किंवा तार नको, ती रुतते. रोज सोडून कातडी बघा. हे बांधणे फक्त मऊ जमिनीवर, कोब्यावर नाही.

किती दिवस वाट बघायची?

उठणाऱ्या गाईंपैकी बहुतेक पहिल्या चार दिवसांत उठतात, पण मी दिवसांपेक्षा गाईकडे बघतो. खाते, रवंथ करते, कान हलवते, सरपटते, रोज थोडे जास्त जोर लावते, तर दहा-बारा दिवससुद्धा सेवा वाया जात नाही. उलट चारा सोडला, सतत आडवी पडते, अंगावर खोल जखमा झाल्या, चिमट्याला पाय मुळीच ओढत नाही, आणि दोन-तीन दिवसांत काहीही फरक नाही, तर डॉक्टरांना बोलावून स्पष्ट विचारा. हाड मोडलेली किंवा खुबा निखळलेली गाय ताटकळत ठेवणे ही सेवा नव्हे. तिच्या वेदना कशा थांबवायच्या हे ठरवायला तपासणी लागते, आणि तो निर्णय घरच्यांनी एकट्याने घेऊ नये.

उठली! आता पुन्हा दावणीला बांधू?

आठवडाभर नको. तिला त्याच मातीच्या जागेत मोकळी ठेवा. घोटा मुडपत असेल तर खुराच्या वर पट्टी बांधावी लागते, नाहीतर पुढची बाजू घासून जखम होते. पहिले दोन दिवस दर तासाला बघा, कारण थकून बसली की पुन्हा त्याच दुखऱ्या मांडीवर बसते. बसली तर गजर पुन्हा सुरू करा.